‘ही सेड ही'ड कम’ मराठीत आणताना: दुसऱ्याचं बोलणं सांगायची रीत

मी सबटायटल्सचं काम करतो, म्हणजे इंग्रजी मुलाखती, माहितीपट, क्वचित एखादी मालिका मराठीत आणतो. या कामात अवघड शब्द आला की कोश उघडता येतो, म्हणी-वाक्प्रचारांना पर्याय शोधता येतो. घोटाळा होतो तो साध्या वाक्यात. त्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकलेलं वाक्य म्हणजे ‘ही सेड ही'ड कम’.

सुरुवातीच्या दिवसांत मी त्याचं डोळे झाकून ‘तो म्हणाला की तो येईल’ केलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी फाइल परत पाठवली आणि समासात एवढंच लिहिलं: ‘कोण येईल?’ मला आधी प्रश्नच कळला नाही. मग वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. मराठी कानाला त्यात दोन माणसं ऐकू येतात, एक बोलणारा आणि दुसरा येणारा. जो बोलला तोच येणार असेल, तर मराठी माणूस सहसा ‘येतो म्हणाला’ म्हणतो. त्यात ना ‘की’, ना दोनदा ‘तो’.

हा लेख इंग्रजीतून मराठीत गप्पांच्या सुरातलं सांगणं आणणाऱ्यांसाठी आहे. उलट्या दिशेबद्दलही शेवटाकडे थोडं बोलू. कायद्याची कागदपत्रं आणि बातम्या यांचं गणित वेगळं असतं, त्यांचा उल्लेख वाटेत येईल.

पहिली पायरी: मूळ बोलणं परत ऐका

इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना सांगणारा ते आपल्या जागेवर ओढून घेतो. त्या माणसाचा ‘मी’ तिथे ‘तो’ होतो, ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ होतो, आणि क्रियापद एक पाऊल मागं भूतकाळात सरकतं. मराठी सांगणारा बहुतेक वेळा उलट करतो, म्हणजे स्वतःच थोडा वेळ त्या माणसाच्या जागी जाऊन उभा राहतो. त्यामुळे इंग्रजी वाक्याचा शब्दाला शब्द लावण्याआधी एक काम करायचं. बाजूला कागदावर लिहायचं, की त्या क्षणी तो माणूस नेमकं काय बोलला असेल? मराठीत बोलला असता तर कसं बोलला असता?

इथंच कळतं की इंग्रजीनं बरंच काही वाटेत सांडलेलं आहे. ‘ही'ड कम’च्या मागं मराठीत निदान तीन वेगळी वाक्यं असू शकतात. ‘येतो’ म्हणजे शब्द दिला, धरून चाला. ‘येईन’ म्हणजे येण्याचा विचार आहे, पण वेळेचं आणि जमण्याचं ओझं थोडं सैल ठेवलंय. ‘येणार आहे’ म्हणजे आधीच ठरलंय, तो फक्त कळवतोय. पाहुण्यानं फोनवर ‘येतो’ म्हटलं तर आपण भात वाढवून लावतो, ‘येईन’ म्हटलं तर परत विचारतो. इंग्रजी वाक्यात हा फरक नसतो, तो पुढच्या-मागच्या प्रसंगातून उचलावा लागतो. पुढं तो माणूस आला नाही म्हणून कोणी चिडलेलं असेल, तर मुळात ‘येतो’ असायला हवं. ‘येईन’वर कोणी इतकं चिडत नाही.

नकाराचंही तसंच. ‘ही सेड ही वुडन्ट कम’ हा हट्ट असेल तर ‘नाही येत म्हणाला’, अडचण असेल तर ‘यायला जमणार नाही म्हणाला’. आणि साधं ‘ही सेड नो’ आलं की मी हातातलं काम थांबवून आधीचा प्रश्न शोधतो. चहा घेणार का विचारलं होतं? मग ‘नको म्हणाला’. गाडी देशील का विचारलं होतं? मग ‘नाही म्हणाला’. तूच फोडलंस का विचारलं होतं? तरीही ‘नाही म्हणाला’. ‘नको’ आणि ‘नाही’ची अदलाबदल झाली तर मराठी प्रेक्षक चुकीचा प्रश्न मनात धरून पुढं जातो, आणि इंग्रजीला एकच ‘नो’ पुरत असल्यामुळे मूळ वाक्याकडे पाहून ही चूक सापडत नाही.

दुसरी पायरी: काळ मागं सरकवू नका

या एका चुकीनं माझी एक फाइल चांगलीच लाजिरवाणी झाली होती. एक मुलगी आईशी झालेल्या फोनबद्दल सांगत होती: ‘शी सेड शी वॉज इल’. मी लिहिलं, ‘ती म्हणाली की ती आजारी होती’. पुढच्याच दृश्यात आई दवाखान्यात. पाहणाऱ्याला वाटलं, बरी झालेली बाई परत आजारी पडली. मुळात आई फोनवर ‘मी आजारी आहे’ म्हणाली होती. इंग्रजीनं ‘आहे’चं ‘होती’ केलं ते फक्त आधी ‘सेड’ आहे म्हणून. तो त्या भाषेचा नियम आहे, आजारपण संपल्याची खबर नाही.

मराठीत हा नियमच नाही. ‘आजारी आहे म्हणाली’ यातला ‘आहे’ त्या फोनच्या वेळेचा आहे. वाक्य काल सांगा नाहीतर दहा वर्षांनी सांगा, तो तसाच राहतो. मराठीत ‘होती’ लिहिलं की त्याचा अर्थ बोलण्याच्याही आधी, संपलेलं असाच होतो. म्हणून इंग्रजीत दोन भूतकाळ एकामागे एक दिसले की स्वतःला विचारायचं, की आतला प्रसंग बोलण्याच्या वेळी चालू होता की आधीच झाला होता? चालू असेल तर वर्तमानकाळ. आधीच झाला असेल तर इंग्रजी बहुधा ‘हॅड बीन’ वापरते, आणि मग मराठीत ‘मध्यंतरी आजारी होते म्हणाली’. इथं ‘होते’ आहे, ‘होती’ नाही, हेही बघा. ते तिच्या तोंडचं ‘मी होते’ आहे.

तिसरी पायरी: ‘म्हणाला’ कुठं ठेवायचं ते ठरवा

बहुतेकांना वाटतं, ‘म्हणाला’ आधी आलं काय किंवा नंतर आलं काय, चवीचा प्रश्न आहे. माझं मत वेगळं आहे. ‘म्हणाला’ची जागा बदलली की आतल्या ‘मी’, ‘माझा’, ‘तुला’ यांचे मालक बदलतात.

ही दोन वाक्यं घ्या.

‘तो म्हणाला, मी तुझं काम करून देतो.’

‘माझं काम करून देतो म्हणाला.’

दोन्हींचा अर्थ एकच, काम सांगणाऱ्याचं आणि करणारा तो. पहिल्यात ‘म्हणाला’ आधी आलं, म्हणजे जणू पडदा उघडला आणि पुढचं सगळं त्याच्या तोंडचं झालं. म्हणून सांगणारा त्यात ‘तू’ बनून बसतो. दुसऱ्यात ‘म्हणाला’ शेवटी आहे आणि तिथं एक गंमत चालते. क्रियापद त्याच्या तोंडचं, ‘देतो’. पण ‘माझं’ मात्र सांगणाऱ्याचं. अर्ध वाक्य त्याच्या जागेवरून, अर्ध माझ्या. इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीत हे बसत नाही, मराठीत मात्र आपण दिवसभर असंच बोलतो: ‘मला पैसे देतो म्हणाला’, ‘आमच्याकडे जेवायलाच येते म्हणाली’.

आता मिसळ चुकीच्या ठिकाणी करून पाहा: ‘तो म्हणाला, माझं काम करून देतो.’ ऐकणारा अडखळतो, कारण पडदा उघडल्यावर ‘माझं’ म्हणजे त्याचं. स्वतःचं काम करून कुणाला देणार?

म्हणून कामाचा नियम असा. वाक्य छोटं असेल, एका क्रियापदाचं, तर ‘म्हणाला’ शेवटी ठेवा आणि आत सांगणाऱ्याचे ‘मला’, ‘माझ्याकडे’ खुशाल येऊ द्या. बोलणं लांब असेल, दोन-तीन गोष्टी असतील, तर ‘म्हणाला’ आधी आणा, स्वल्पविराम द्या, आणि त्यानंतर त्याच्याच जागेवर ठाम उभे राहा. मध्येच घरी परत येऊ नका. लांब बोलण्याच्या शेवटी ‘म्हणाला’ ठेवलं तर ऐकणाऱ्याला हे सगळं कोण बोलतंय ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि सबटायटलमध्ये तर तोवर पहिली ओळ पुसलेली असते.

‘की’ची गरज गप्पांत कमी पडते. ‘म्हणाला की’ चूक नाही, पण दर वाक्याला आला तर सांगणं साक्षीसारखं वाटायला लागतं. हा ‘की’ फारसीच्या वाटेनं आलेला समजला जातो, हिंदीतही तोच आहे. बोलणं आधी आणि ‘म्हणून’ किंवा ‘असं’ मागून, ही रीत मात्र इथल्या मातीत खोल आहे. संस्कृतातला ‘इति’ तिथंच येतो, आणि कन्नडमध्ये ‘बर्तीनी अंत हेळिदा’ म्हणजे तंतोतंत ‘येतो म्हणून सांगितलं’. सोलापूर-बेळगावकडच्या माणसाला हे दोन्ही घरचं वाटतं.

चौथी पायरी: सर्वनाम गाळता येतं का ते क्रियापदाला विचारा

‘येईन म्हणाला’ यात ‘मी’ लिहिलेला नाही, तरी कोण येणार याची शंका नाही, कारण ‘येईन’ फक्त मीच असू शकतो. दुसरं कोणी असतं तर ‘येईल म्हणाला’ झालं असतं. ‘आलो होतो म्हणाला’ आणि ‘आला होता म्हणाला’ यांतही तसाच लख्ख फरक आहे. अशा रूपांत सर्वनाम गाळा, वाक्य हलकं होतं.

पण काही रूपं माणूस दाखवतच नाहीत. ‘मी येतो’ आणि ‘तो येतो’, दोन्हीकडे ‘येतो’. ‘आहे’ही दोघांचा, ‘येणार’ही दोघांचा. ‘येतो म्हणाला’ एवढंच असेल तर कान आपोआप बोलणाऱ्यालाच येणारा समजतो, तोवर ठीक. पण आधीच्या वाक्यात आणखी एखादा पुरुष येऊन गेला असेल, त्याचा भाऊ, त्याचा मुलगा, तर ‘घरी आहे म्हणाला’ म्हणजे कोण घरी, हे निसटतं. तिथं ‘मी घरी आहे म्हणाला’ असा ‘मी’ घालावा लागतो किंवा ‘भाऊ घरी आहे म्हणाला’ असं नाव.

पुरुष-स्त्री यांची रूपं इथं मदतीला येतात. सांगणारा पुरुष असला तरी ‘येते म्हणाली’ यात ‘येते’ तिचंच राहतं. इंग्रजीतून काम करताना हे विसरायला होतं, कारण इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. बोलणारी व्यक्ती पुरुष की बाई हे मूळ वाक्यातून कळत नसेल (‘द नेबर सेड’), तर दृश्य पुढं नेऊन पाहावं. अंदाजानं ‘शेजारी म्हणाला’ लिहिलेला पुढं साडीत दिसला, असं माझ्या एका ओळखीच्या अनुवादकाचं झालेलं आहे. या आधारालाही एक मर्यादा आहे. कोल्हापूरकडे बायका स्वतःबद्दल सहज ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात, तेव्हा तिथली बोली वापरणार असाल तर लिंगावरून माणूस ओळखता येणार नाही.

‘आपण’पासून जरा सांभाळून. वर्तमानपत्री मराठीत ‘आपण निवडणूक लढवणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले’ यात ‘आपण’ म्हणजे तो बोलणारा स्वतः. छापील मजकुरात हे छान चालतं. पण गप्पांत ‘आपण जाऊ म्हणाला’ म्हणजे तू-मी मिळून जाऊ. बातमीच्या सवयीनं संवादात ‘आपण येणार नाही म्हणाला’ लिहिलंत, तर प्रेक्षकाला वाटेल दोघांचाही बेत रद्द झाला. बातमीतली दुसरी युक्ती म्हणजे ‘येणार असल्याचे सांगितले’. तिच्यात सर्वनामाचा प्रश्नच मिटतो, फक्त मजकूर उरतो. जिथं नेमके शब्द माहीत नाहीत आणि कुणाच्या तोंडी घालायचेही नाहीत, तिथं ती उपयोगी आहे. पण स्वयंपाकघरातल्या बाईच्या तोंडी ती घातली की बाई सातच्या बातम्या वाचायला लागते.

पाचवी पायरी: विचारणं आणि सांगणं यांचा उलगडा करा

‘ही आस्क्ड इफ आय'ड कम’ याचं ‘मी येईन का असं त्यानं विचारलं’ होऊ नये. ऐकणाऱ्याला वाटतं तो स्वतःच्या येण्याबद्दल परवानगी मागतोय. मूळ प्रश्न ऐका: ‘येशील का?’ म्हणून ‘येशील का म्हणाला’, किंवा ‘येशील का म्हणून विचारलं’. ‘ही टोल्ड मी टु कम’ म्हणजे ‘ये म्हणाला’. यातला ‘ये’ पाहून तू की तुम्ही हे ठरवावंच लागतं. ‘या म्हणाले’, ‘या म्हणाला’, ‘ये म्हणाले’ ही तीन वेगळी नाती आहेत. तिसऱ्यात वडीलधारा माणूस लहानाला बोलावतोय. दुसऱ्यात कामाचा माणूस गिऱ्हाइकाला मान देतोय, पण गिऱ्हाईक त्याला मागं एकेरीत संबोधतंय. आतला मान बोलणाऱ्याचा, बाहेरचा मान सांगणाऱ्याचा. दोन्ही एकाच ओळीत वेगवेगळे असू शकतात, आणि असावेत.

एक प्रसंग उलगडून

आता हे सगळं एका तुकड्यावर करून बघू. इंग्लंडमधली एक बाई घरातला बॉयलर बिघडल्याची हकिकत सांगतेय. इंग्रजी साधारण असं:

‘आय रँग हिम मंडे, ही सेड ही'ड कम द नेक्स्ट डे. आय टोल्ड हिम आय'ड बी ॲट वर्क टिल फाइव्ह. ही सेड दॅट वॉज फाइन, ही'ड कम आफ्टर, अँड कुड आय लीव्ह द साइड गेट ओपन. ट्यूजडे, नथिंग. आय रँग, अँड हिज वाइफ सेड ही वॉज अस्लीप. अस्लीप! आय वॉज लाइक, इट्स हाफ पास्ट सिक्स! देन ही रिंग्ज अँड गोज, यू सेड वेन्झडे!’

शब्दाला शब्द लावला तर हे होतं: ‘मी त्याला सोमवारी फोन केला, तो म्हणाला की तो दुसऱ्या दिवशी येईल. मी त्याला सांगितलं की मी पाचपर्यंत कामावर असेन. तो म्हणाला की ते ठीक होतं, तो नंतर येईल आणि मी बाजूचं फाटक उघडं ठेवू शकते का. मंगळवार, काही नाही. मी फोन केला आणि त्याची पत्नी म्हणाली की तो झोपलेला होता...’ चिडलेल्या बाईचा जबाब कुणी हवालदार टिपून घेतोय असं वाटतं.

कागदावर मूळ बोलणी मांडू. सोमवारी तो म्हणाला असेल, ‘उद्या येतो.’ मंगळवारी ती चिडलेली आहे, तेव्हा ‘येईन’ नाही, ‘येतो’च. ‘उद्या’ ठेवायचं की ‘दुसऱ्या दिवशी’? ‘दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला’ हेही मराठीच आहे, तीच मिसळ, दिवस सांगणारीचा आणि क्रियापद त्याचं. पण वाक्य ‘सोमवारी फोन केला, तर’ असं सुरू केलं की ऐकणारा सोमवारी जाऊन उभा राहतो आणि ‘उद्या’ बरोबर मंगळवारी पडतो. असा आधीचा दिवस सांगितलेला नसेल तर ‘उद्या’ धोक्याचा, ऐकणारा आजपासून मोजतो.

तिचं पाचपर्यंतचं वाक्य तिच्या तोंडी ‘उद्या पाचपर्यंत मी कामावर आहे’ असं असणार. इंग्रजीतला ‘आय'ड बी’ पाहून ‘असेन’ लिहायची गरज नाही, ‘असेन’मध्ये मराठीत अंदाजाची छटा येते. त्याचं ‘दॅट वॉज फाइन’ म्हणजे ‘चालेल’, आणि ‘ठीक होतं’ तर मुळीच नाही. ‘कुड आय लीव्ह’ हा प्रश्न दिसतो, पण आहे विनंती. गिऱ्हाइकाला कामाचा माणूस ‘तेवढं फाटक उघडं ठेवा’ म्हणतो. इथं तीन गोष्टी सलग आल्या, म्हणून ‘म्हणाला’ आधी.

बायकोचं वाक्य मजेशीर आहे. इंग्रजीत ‘ही वॉज अस्लीप’ म्हणजे त्या वेळी झोपलेला. मराठीत बायको ‘झोपलेत’ म्हणेल की ‘झोपलाय’, हा घराघराचा प्रश्न. मी ‘झोपलेत’ घेतो. सांगणारी बाई त्याला एकेरीत बोलत असताना मध्येच तो आदरार्थी ‘झोपलेत’ आला की बायकोचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि पुढं तोच शब्द चिडून परत म्हणता येतो.

‘आय वॉज लाइक’ला मराठीत आयतं माप आहे. इंग्रजीत ते बोललेलं की मनात आलेलं, हे अस्पष्ट असतं. मराठीतलं ‘म्हटलं’ नेमकं तसंच आहे. ‘म्हटलं, जरा डोकावून जावं’ यात कुणी काही बोललेलं नसतं, मनातच आलेलं असतं. आणि ‘ही गोज’ला ‘म्हणतो कसा’. आश्चर्य, राग, थोडी नक्कल, सगळं त्या ‘कसा’त आहे. शेवटच्या ‘यू सेड वेन्झडे’त बोलण्यातलं बोलणं आहे. तिनं त्याला काय म्हटलं असेल? ‘बुधवारी या.’ तेही तसंच आत बसवायचं.

सोमवारी फोन केला, तर उद्या येतो म्हणाला. मी म्हटलं, उद्या पाचपर्यंत मी कामावर आहे. म्हणाला, चालेल की, त्यानंतर येतो, तेवढं बाजूचं फाटक उघडं ठेवा. मंगळवारी पत्ताच नाही. फोन केला, तर बायको म्हणते, झोपलेत. झोपलेत! म्हटलं, अहो, साडेसहा वाजलेत! मग ह्याचा फोन. म्हणतो कसा, तुम्हीच तर बुधवारी या म्हणाला होतात!

या तुकड्यात एकही ‘की तो’ नाही, आणि कोण बोललं याची शंका कुठं येत नाही. शंका येते का हे तपासायला मी अजूनही तीच जुनी कसोटी लावतो. ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा माणसाला वाचून दाखवायचं आणि प्रत्येक ‘म्हणाला’नंतर विचारायचं, कोण, कुणाला, कधी? त्याला थांबून विचार करावा लागला तर ओळ परत करायची.

जिथं ही रीत तोकडी पडते

कधीकधी आतल्या वाक्यात सांगणाऱ्याचं मत मिसळलेलं असतं. ‘ही सेड दॅट यूसलेस ब्रदर ऑफ हिज वुड कम’. भावाला निकामी म्हणणारा तो नाही, सांगणारी आहे. ‘म्हणाला, माझा निकामी भाऊ येईल’ केलंत तर त्या बिचाऱ्याच्या तोंडी स्वतःच्या भावाची बदनामी घातलीत. अशा वेळी मत बाहेर काढायचं: ‘भावाला पाठवतो म्हणाला. कोण भाऊ, तर तोच तो, कामाचा ना धामाचा.’ किंवा ‘म्हणाला’ शेवटी ठेवून ‘त्या निकाम्या भावाला पाठवतो म्हणाला’. इथं मिसळ चालते, आणि ‘निकाम्या’ कुणाचा शब्द हे सुरावरून कळतं. छापील ओळीत सूर नसतो, म्हणून मी पहिलं निवडतो.

‘अपॅरंटली ही'ज कमिंग’सारखं आलं तर मराठीत ‘म्हणे’ आहे: ‘येणार आहे म्हणे’. ‘म्हणे’ सांगणाऱ्याची जबाबदारी झटकतो आणि थोडा संशयही पेरतो. मात्र त्यात कुणी सांगितलं हे पुसलं जातं. ज्या दृश्यात कुणी सांगितलं हाच मुद्दा आहे, तिथं ‘म्हणे’ वापरू नये. ‘तुका म्हणे’तला ‘म्हणे’ याच क्रियापदाचा असला तरी काम उलट करतो. तिथं कवी आपल्या शब्दाखाली सही करतो, इथं आपण सही टाळतो.

आणि उलट दिशेनं, मराठीतून इंग्रजीत जाताना, सगळ्यात आधी ‘येतो’कडे पाहावं. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘येतो म्हणाला आणि गेला’ याचं इंग्रजी करताना ‘ही सेड ही'ड कम’ लिहिलं, तर निरोप घेऊन निघालेला माणूस वचन मोडणारा ठरतो. तिथं फक्त ‘ही सेड गुडबाय अँड लेफ्ट’ हवं.